सीएसआर अहवालातील पाण्याचे आणि लाभार्थ्यांचे आकडे मराठीत आणताना

प्रश्न : एका कंपनीच्या सीएसआर अहवालातील जलसंधारणाचे प्रकरण मला मराठीत करून द्यायचे आहे. काम आमच्या तालुक्यातील एका न्यासाने केले असून विश्वस्त मराठी प्रत वाचूनच सही करणार आहेत. अहवालात मिलियन लिटर, थेट व अप्रत्यक्ष लाभार्थी, टक्केवारी असे बरेच आकडे आहेत. ते जसेच्या तसे उतरवायचे की समजावून लिहायचे?

उत्तर : आकडा बदलायचा नाही, मात्र तो कशाचा, कोणत्या काळातला आणि कोणत्या रीतीने काढलेला आहे, हे मराठी वाक्यात स्पष्ट दिसलेच पाहिजे. इंग्रजी अहवालात आकड्याभोवती चार नामे ठेवून वाक्य पूर्ण करता येते. मराठीत क्रियापद येते आणि ते येताच काम झाले, होईल की होऊ शकेल, हे सांगावे लागते. मूळ मजकुरात ते सांगितलेले नसेल तर अनुवादकाने स्वतःच्या मनाने ठरवू नये, विचारून घ्यावे. या विचारपूस करण्याच्या कामाला अनुवादापेक्षा जास्त वेळ जातो, हे कंपनीला सुरुवातीसच सांगून ठेवणे बरे.

विश्वस्तांची स्थिती कंपनीपेक्षा वेगळी असते, हेही ध्यानात असू द्यावे. कंपनीचा अहवाल भागधारक आणि संचालक मंडळ वाचते. न्यासाच्या हातातली मराठी प्रत मात्र ग्रामसभेत वाचली जाते, लेखापरीक्षकापुढे ठेवली जाते, आणि प्रसंगी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात सादर केलेल्या हिशेबाशी ताडूनही पाहिली जाते. ज्या बंधाऱ्याबद्दल अहवाल बोलतो, तो बंधारा रोज पाहणारी माणसे ती प्रत वाचतात. म्हणून काम हाती घेताना केवळ अहवालाची प्रत मागून भागत नाही. न्यासाकडील मोजमाप पुस्तक, प्रकल्पापूर्वीचे पायाभूत सर्वेक्षण, मूल्यमापनाची परिशिष्टे आणि उपयोगिता प्रमाणपत्र एवढी चार कागदपत्रे शेजारी असल्याशिवाय मी आकड्यांना हात लावत नाही.

आता एक उदाहरण पूर्ण घेऊ. आकडे उदाहरणापुरते घेतलेले आहेत, पण वाक्याची घडण अशा अहवालांत नेहमी दिसते तीच आहे. इंग्रजी अहवालातील अशा एका वाक्याचा शब्दशः मराठी अनुवाद असा होईल : ‘सहा गावांत ८४ दशलक्ष लिटर जलसाठवण निर्माण, ११,४०० लोकांना प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ, रब्बी क्षेत्रात २२ टक्के वाढ.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही आणि आकडेही मूळ अहवालातलेच आहेत. तरीही विश्वस्तांना यावर सही करायला सांगणे योग्य ठरणार नाही.

प्रथम पाणी. ‘दशलक्ष लिटर’ हे प्रमाण मराठी असले तरी तालुक्यात त्या मापाने कोणी बोलत नाही. बंधाऱ्यांच्या कामात शाखा अभियंत्यापासून पाणलोट समितीच्या सचिवापर्यंत सगळे टीसीएममध्ये, म्हणजे सहस्र घनमीटरमध्ये बोलतात. हिशेब सोपा आहे. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, त्यामुळे दहा लाख लिटर म्हणजे बरोबर एक टीसीएम. ८४ दशलक्ष लिटर म्हणजे ८ कोटी ४० लाख लिटर, अर्थात ८४ टीसीएम. येथे दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘दशलक्ष’ हा शब्द पाहून सवयीने ‘दलघमी’ लिहिले जाते. ते दशलक्ष घनमीटर असल्याने आकडा एका फटक्यात हजारपट होतो. दुसरी गफलत टीसीएम आणि टीएमसी यांची. टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, आणि एका टीएमसीत सुमारे २८,३०० टीसीएम बसतात. कोयना धरणाची एकूण साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे. सहा गावांच्या बंधाऱ्यांसाठी ‘८४ टीएमसी’ छापले गेले तर ते कोयनेच्या चार-पंचमांश पाण्याएवढे होईल. संगणकावर टंकताना दोन अक्षरांची अदलाबदल सहज होते आणि वर्णशुद्धी तपासणारी प्रणाली ती पकडत नाही, म्हणून पाण्याच्या प्रत्येक आकड्याशेजारी मी लिटरमधील आकडाही लाख-कोटीत लिहितो. दोन्ही जुळले नाहीत तर चूक लगेच उघडी पडते.

परंतु एकक नीट लागले तरी प्रश्न संपत नाही. समजा, न्यासाच्या मोजमाप पुस्तकात सहा गावांतून काढलेला गाळ २८,००० घनमीटर नोंदवलेला आहे. गावाच्या भाषेत ते सुमारे ९,९०० ब्रास होतात, कारण एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे साधारण २.८३ घनमीटर. गाळ निघाला तेवढीच जागा पाण्यासाठी मोकळी झाली, मग अहवालात ८४ टीसीएम आले कोठून? २८ ला ३ ने गुणले की उत्तर मिळते. लहान बंधारा पावसाळ्यात भरतो, जमिनीत मुरून रिकामा होतो आणि पुन्हा भरतो. म्हणून त्याच्या क्षमतेला वर्षातील भरण्यांच्या संख्येने गुणण्याची पद्धत आहे. या पद्धतीत खोटेपणा काही नाही. फक्त २८ टीसीएम ही मोजलेली क्षमता आहे आणि ८४ टीसीएम हा गृहीतकावर उभा असलेला वार्षिक अंदाज आहे. ‘साठवण निर्माण झाली’ या एका क्रियापदाखाली दोन्ही घालता येत नाहीत. अहवालातील पाण्याचा आकडा मोजमाप पुस्तकातील आकड्याच्या नेमका दुप्पट किंवा तिप्पट निघाला, तर भरण्या धरलेल्या आहेत असा संशय घ्यावा आणि परिशिष्टात शोधावे.

मोजमाप पुस्तकातील आकडाही कसा आला, ते पाहावे लागते. काम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर पात्राचे आडवे छेद घेऊन मोजणी झाली असेल, तर आकडा खोदलेल्या जागेचा आहे आणि त्याला ‘वाढलेली साठवणक्षमता’ म्हणता येते. मोजणी ट्रॅक्टरच्या खेपांवरून, ट्रॉलीच्या मापाने झाली असेल तर तो सुट्या गाळाचा आकडा आहे. खोदलेला गाळ फुगतो. जागेवर त्याने जितकी जागा व्यापलेली असते त्यापेक्षा ट्रॉलीत तो जास्त भरतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेच्या धर्तीवर शेतकऱ्यांनी स्वतःच्या वाहनाने गाळ नेला असेल, तर नोंद बहुधा खेपांचीच असते. अशा वेळी मराठीत ‘इतका गाळ काढला’ एवढेच लिहावे आणि क्षमतेचे विधान करण्यापूर्वी छेदमोजणी आहे का, ते विचारावे.

आपल्या उदाहरणात छेदमोजणी आहे आणि तीन भरण्यांचे गृहीतक कंपनीने लेखी मान्य केले आहे, असे धरू. मग वाक्य असे होते : ‘सहा गावांतील बंधाऱ्यांमधून गाळ काढल्यामुळे त्यांची साठवणक्षमता २८ टीसीएमने (२ कोटी ८० लाख लिटरने) वाढली. पावसाळ्यात बंधारे तीन वेळा भरतील असे गृहीत धरल्यास वर्षाला ८४ टीसीएम (८ कोटी ४० लाख लिटर) पाणी अडेल, असा अंदाज आहे.’ वाक्य लांबले, पण आता एखाद्या शेतकऱ्याने ‘यंदा बंधारा एकदाच भरला’ असे ग्रामसभेत सांगितले तरी विश्वस्तांना निरुत्तर व्हावे लागणार नाही.

यानंतर माणसे. ‘लाभार्थी’ हा शब्द मूळ इंग्रजी शब्दाचा रूढ प्रतिशब्द असला तरी आपल्या गावांत त्याला फार नेमका अर्थ आलेला आहे. घरकुलाचा लाभार्थी, निराधार योजनेचा लाभार्थी म्हणजे ज्याचे नाव यादीत आहे, ज्याच्या खात्यावर रक्कम जमा झाली, असा माणूस. ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते. त्यामुळे ‘११,४०० लाभार्थी’ असे वाचताच पहिला प्रश्न ‘यादी दाखवा’ हाच येतो, आणि तो रास्त असतो. कंपनीच्या अहवालात मात्र अप्रत्यक्ष लाभार्थ्यांची यादी नसतेच. ती गणिताने काढलेली संख्या असते. ११,४०० ला ५ ने निःशेष भाग जातो आणि २,२८० येतात. न्यासाच्या सर्वेक्षणात सहा गावांची कुटुंबसंख्या २,२८० असेल, तर प्रत्येक कुटुंबात पाच माणसे धरून हा आकडा केला आहे, हे उघड होते. दुसऱ्या अहवालात तो २०११ च्या जनगणनेतील गावनिहाय लोकसंख्येची बेरीज असू शकतो. जिल्हा जनगणना पुस्तिकेत ती गावागणिक मिळते आणि ताडून पाहायला अर्धा तासही लागत नाही.

या ११,४०० मध्ये थेट लाभ कोणाला झाला? समजा, बंधाऱ्यांच्या प्रभावक्षेत्रात ज्यांच्या विहिरी आहेत अशी ३१० कुटुंबे सर्वेक्षणात नावानिशी आहेत. या गटाला लाभार्थी म्हणायला हरकत नाही, कारण यादी आहे. बाकीच्यांसाठी मी ‘प्रकल्पगावांची लोकसंख्या’ असा स्वतंत्र शब्दप्रयोग करतो : ‘प्रकल्पाचा थेट लाभ विहीर असलेल्या ३१० कुटुंबांना झाला. प्रकल्पाच्या सहा गावांत २,२८० कुटुंबे असून, कुटुंबामागे सरासरी पाच व्यक्ती धरल्यास त्यांची लोकसंख्या सुमारे ११,४०० होते. अहवालात हीच संख्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभार्थी म्हणून दिली आहे.’ शेवटचे उपवाक्य गाळू नये. ते गाळले तर आपण कंपनीचे विधान बदलले असे होईल, आणि तो अधिकार अनुवादकाचा नाही.

‘कुटुंब’ हा शब्दही वाटतो तितका सरळ नाही. सर्वेक्षकाने शिधापत्रिका मोजल्या, चुली मोजल्या की सातबाऱ्यावरील खातेदार मोजले, यावर संख्या बदलते. एका घरात तीन भावांची नावे एकाच सातबाऱ्यावर असतात, आणि एकाच माणसाचे नाव चार गटांच्या सातबाऱ्यांवर असू शकते. मूळ अहवालात ‘शेतकरी’ असे लिहिलेले असेल आणि मोजणी खातेदारांची असेल, तर मराठीत ‘खातेदार’ लिहावे. शिवाय आरोग्य शिबिर, महिला बचत गटाचे प्रशिक्षण आणि पाण्याचे काम यांची बेरीज करून एकच मोठा आकडा दिलेला असेल, तर तीच बाई तीनदा मोजली गेलेली असण्याची दाट शक्यता असते. अशा बेरजेला ‘इतक्या व्यक्ती’ न म्हणता ‘निरनिराळ्या उपक्रमांतील सहभागाच्या एकूण नोंदी’ म्हणावे. ‘इतकी आयुष्ये स्पर्शिली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दप्रयोगाचे मी मराठीत काहीच करत नाही. त्यामागची मोजणी विचारतो आणि तीच लिहितो.

आता टक्के. येथे मराठीचे प्रत्यय फार काटेकोर आहेत आणि त्यांचा उपयोग करून घेतला पाहिजे. ‘टँकरच्या फेऱ्या ६० टक्क्यांनी घटल्या’ म्हणजे शंभराच्या चाळीस उरल्या. ‘६० टक्क्यांवर आल्या’ म्हणजे शंभराच्या साठ उरल्या. ‘उत्पन्न तिप्पट झाले’ याचा अर्थ एकच निघतो, पण ‘तिपटीने वाढले’ हे कोणी तिप्पट असे वाचतो, कोणी चौपट. म्हणून मी ते लिहीतच नाही. शंभरापैकीच्या हिश्श्यात झालेला बदल तर आणखी फसवा असतो. लागवडीखालील जमिनीपैकी रब्बीचा हिस्सा १८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला, तर कोणी त्याला २२ टक्के वाढ म्हणतो. प्रत्यक्षात रब्बी क्षेत्र दुपटीहून जास्त झालेले असते. ‘१८ टक्के होता तो ४० टक्के झाला’ असे दोन्ही आकडे देऊन लिहिले की कोणताही पारिभाषिक शब्द वापरावा लागत नाही.

आपल्या उदाहरणात रब्बीचे क्षेत्र ४१० हेक्टरवरून ५०० हेक्टर झाले, म्हणजे वाढ ९० हेक्टरची, जवळजवळ २२ टक्क्यांची. मराठी प्रतीत केवळ टक्के न देता तिन्ही आकडे द्यावेत. सातबारा हेक्टर-आरमध्ये असला तरी बोलणे एकर-गुंठ्यांत चालते, म्हणून ‘९० हेक्टर (सुमारे २२२ एकर)’ असे लिहिणे सोयीचे पडते. हेक्टरचे शंभर आर आणि एकराचे चाळीस गुंठे होतात. हेक्टरमधील दशांश चिन्हापुढचे आकडे कोणी गुंठे समजून एकराला जोडू नयेत, एवढी काळजी तक्त्यात घ्यावी.

याहून नाजूक प्रश्न ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययाचा आहे. इंग्रजी वाक्यात वाढ ही प्रकल्पाच्या सोबतीने नुसती ठेवलेली असते. कारण सांगितलेले नसते, वाचकानेच ते जोडायचे असते. मराठी अनुवादक वाक्य ओघवते करण्यासाठी तेथे ‘प्रकल्पामुळे’ लिहून टाकतो आणि कार्यकारणाचा ठाम दावा तयार होतो. पायाभूत वर्ष २०१८-१९ असेल तर त्याचे परिणाम पाहा. २०१८ च्या ऑक्टोबरअखेर राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. तालुका त्यांपैकी असेल तर त्या वर्षीची रब्बी मुळातच आखडलेली होती, आणि नंतरच्या कोणत्याही बऱ्या पावसाच्या वर्षी ती वाढलेली दिसणारच. मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने प्रकल्पाबाहेरची तुलनेची गावे घेऊन फरक काढला असेल, तर तेवढ्या फरकापुरते ‘मुळे’ लिहावे. तुलना नसेल तर ‘२०१८-१९ च्या तुलनेत’ किंवा ‘प्रकल्पाच्या कालावधीत’ असे लिहावे. पायाभूत वर्ष दुष्काळी होते ही माहिती मूळ अहवालात नसेल तर ती मजकुरात घुसवू नये, पण शंकापत्रकात अवश्य नोंदवावी. शेतकरी विश्वस्ताला ते वर्ष विसरलेले नसते. तो प्रश्न विचारणारच.

वर्षाच्या उल्लेखातही स्पष्टता हवी. कंपनीचे आणि न्यासाचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असते, तर पीकपाहणी ज्यात नोंदली जाते ते महसुली वर्ष ऑगस्ट ते जुलै असे चालते. नुसते ‘२०२२-२३’ लिहिल्याने कोणते, ते कळत नाही. आर्थिक वर्ष असेल तर तसे म्हणावे. पिकाचा आकडा असेल तर ‘२०२२-२३ चा रब्बी हंगाम’ म्हणावे.

‘प्रभाव मूल्यमापन’ या संज्ञेबाबतही हात आखडता घ्यावा. २२ जानेवारी २०२१ रोजी सीएसआर नियमांत झालेल्या सुधारणेनुसार, मागील तीन वर्षांत ज्या कंपनीचे सरासरी सीएसआर दायित्व १० कोटी रुपये किंवा अधिक आहे, तिने १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक खर्चाच्या आणि किमान एक वर्षापूर्वी पूर्ण झालेल्या प्रकल्पांचे मूल्यमापन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचे असते. त्या मूल्यमापनातील आकडा आणि न्यासाने दर तिमाहीला पाठवलेल्या प्रगती अहवालातील आकडा यांचे वजन सारखे नाही. मराठी प्रतीत ‘स्वतंत्र मूल्यमापनानुसार’ आणि ‘न्यासाच्या नोंदीनुसार’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग ठेवले की विश्वस्तांना आपण कोणत्या आकड्याची जबाबदारी घेत आहोत, ते समजते. पैशांच्या बाबतीतही तसेच : कंपनीने न्यासाला दिलेली रक्कम ‘वितरित’, आणि न्यासाने कामावर घातलेली रक्कम ‘खर्च’. इंग्रजी अहवालात दोन्हींना एकच क्रियापद लावलेले असले, तर उपयोगिता प्रमाणपत्र आणि न्यासाचा ताळेबंद पाहून कोणती रक्कम कोणती, ते कंपनीकडून लेखी घ्यावे. वर्षअखेरीस न्यासाकडे शिल्लक असलेली रक्कम मराठी प्रतीत ‘खर्च केली’ म्हणून गेली, तर लेखापरीक्षणात त्याचा जाब विश्वस्तांनाच द्यावा लागतो.

या सर्व शंकांसाठी मी मजकुरापासून वेगळे शंकापत्रक ठेवतो. त्यात अहवालाचे पान, आकडा, सोबतच्या कागदात आढळलेला आकडा, माझा प्रश्न, आणि उत्तर कोणी, कोणत्या तारखेला दिले, एवढ्याच नोंदी असतात. कंपनीच्या सीएसआर विभागाने मान्य केलेले स्पष्टीकरण मजकुरात जाते. मान्य न झालेले जात नाही. अनुवाद पूर्ण झाल्यावर तो न्यासाच्या लेखनिकाला किंवा क्षेत्रीय पर्यवेक्षकाला मोठ्याने वाचून दाखवतो आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबून त्याला तो स्वतःच्या शब्दांत सांगायला लावतो. त्याने ‘म्हणजे एवढ्या लोकांना पाणी मिळालं’ असे सांगितले आणि अहवालात फक्त लोकसंख्या असली, तर वाक्य पुन्हा लिहायचे. त्यानंतर ज्याने मूळ पाहिलेले नाही अशा दुसऱ्या व्यक्तीकडून केवळ आकड्यांची वाक्ये इंग्रजीत उलटवून घ्यायची आणि मूळ अहवालाशी जुळवायची.

काही कंपन्या मराठी प्रतीखाली ‘तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा’ अशी ओळ टाकायला सांगतात. ती टाकण्यास हरकत नाही. पण विश्वस्त इंग्रजी वाचत नसतील तर त्या ओळीने त्यांना काहीच संरक्षण मिळत नाही. म्हणून ज्या आकड्यांबद्दलच्या शंकांना उत्तर आलेले नाही, त्यांची यादी सहीपूर्वी विश्वस्तांच्या हाती द्यावी, तिची प्रत कंपनीला पाठवावी, आणि मजकुरात त्या आकड्यांपुढे ‘अहवालात नमूद केल्यानुसार’ एवढे शब्द ठेवावेत. त्या आकड्यांसह सही करायची, ते वगळून करायची की उत्तर येईपर्यंत थांबायचे, हे विश्वस्त मंडळाने ठरावात नोंदवून ठरवावे.